दहा लाख टाका, महिन्याला दहा हजार घ्या: असा व्हिडिओ कागदावर कसा उतरवायचा

आमच्या शेजारचे नाना शाळेतून क्लार्क म्हणून रिटायर झाले. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे बँकेत पडले आणि चारच दिवसांत मोबाईल घेऊन ओट्यावर आले. "हे ऐक रे भो. दहा लाख एकदाच टाकायचे, महिन्याला दहा हजार घ्यायचे, आणि मुद्दल तसंच राहतं म्हणतो हा."

व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. पहिली तीन मिनिटं आमच्या अमळनेरची गोष्ट: विप्रो इथेच 1945 साली वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली, आणि ज्यांनी तिचे शेअर पेटीत जपून ठेवले ते कोट्यधीश झाले. गोष्ट खरी आहे. पण पुढच्या अकरा मिनिटांत जी योजना सांगितली तिचा विप्रोशी काडीचाही संबंध नव्हता. असा व्हिडिओ पाहिला की मी खालीलप्रमाणे कागद करतो. तासाभराचं काम आहे.

1. बोलणं मजकुरात आणा

यूट्यूबवर व्हिडिओखालचं वर्णन उघडलं की बहुतेक वेळा `Show transcript` असं बटण दिसतं. ते दाबलं की वेळेसकट सगळं बोलणं समोर येतं. मात्र हा मजकूर यंत्राने लिहिलेला असतो आणि मराठी आकड्यांत तो हमखास अडखळतो. 'साडेबारा', 'पावणेदोन', 'अडीच' यांचं काय होईल सांगता येत नाही. म्हणून जिथे आकडा आहे ती जागा परत कानाने ऐका आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवा.

2. वहीचं पान तीन भागांत विभागा

पहिल्या भागात काय करायला सांगितलं ते, दुसऱ्यात काय मिळेल म्हणाला ते, तिसऱ्यात त्याने स्वतः सांगितलेली अट. नानांच्या व्हिडिओतून एवढंच निघालं:

करायचं: दहा लाख एकरकमी इक्विटी म्युच्युअल फंडात टाका आणि लगेच एसडब्ल्यूपी सुरू करा. म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या रकमेची युनिट आपोआप विकली जातील.
मिळणार: महिन्याला 10,000, आयुष्यभर. मुद्दल शाबूत.
अट: "मार्केट साधारण बारा टक्के देतंच."

क्रियापदांकडे बारीक लक्ष द्या. 'मिळू शकतात' आणि 'मिळतील' यांत फार अंतर आहे. नानांच्या व्हिडिओत चौथ्या मिनिटाला 'मिळू शकतात' होतं, नवव्या मिनिटाला त्याचं 'मिळतात' झालं आणि शेवटी 'मिळणारच'. आकडा तोच, खात्री मात्र वाढत गेली. आणि गोष्टी या तीन भागांत घालू नका. विप्रोची गोष्ट ना टिप आहे ना वचन. त्या काळात इतर कंपन्यांचेही शेअर लोकांनी घेतले होते. त्यातले कित्येक कागद रद्दीत गेले, कित्येकांनी लग्नकार्यासाठी लवकर विकले. त्यांच्यावर कोणी व्हिडिओ करत नाही.

3. वचन गणितात मांडा

दहा लाखांवर वर्षाला बारा टक्के म्हणजे 1,20,000. महिन्याला दहा हजार म्हणजेही 1,20,000. जेवढं येतं तेवढंच काढलं, मुद्दल तसंच. इथवर व्हिडिओ बरोबर आहे, आणि माणूस फसतो तो इथेच, कारण गणित जुळतं.

4. आता ते गणित मोडून पाहा

'साधारण बारा' ही सरासरी आहे. कुठल्याच वर्षी नेमके बारा मिळत नाहीत. 2008 साली सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला होता. आपण तेवढं वाईट धरू नये, पहिल्याच वर्षी फक्त 30 टक्के पडला असं धरू. सोपं जावं म्हणून वर्षाची रक्कम वर्षाअखेरीला एकदम काढू.

दहा लाखांचे झाले सात लाख. त्यातून 1,20,000 काढले, उरले 5,80,000. आता समजा त्यानंतर बाजार एकदाही न पडता दरवर्षी नेमके बारा टक्के देतो. दुसऱ्या वर्षी 5,80,000 चे 6,49,600 होतात, 1,20,000 जातात, उरतात 5,29,600. तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे 4,73,000. पाचव्याला 3,39,000. आठव्याला 71,500. नवव्या वर्षी बारा महिन्यांचे पैसेच पुरत नाहीत.

नाना चष्मा काढून म्हणाले, "बारा टक्के तर दिले की त्याने. मग मुद्दल गेलं कुठे?"

पडलेल्या भावात युनिट विकली, तिथे गेलं. भाव खाली असताना तेच दहा हजार काढायला जास्त युनिट विकावी लागतात, आणि विकलेली युनिट बाजार वर आल्यावर आपल्यासाठी वाढत नाहीत. केळीचा भाव पडलेला असतानाही हप्ता भरायला माल काढावाच लागतो, त्यातलाच प्रकार. हीच पडझड पंधराव्या वर्षी आली असती तर, मधली वर्षं चांगली गेली असल्यास, ती झेपली असती. पहिल्या दोन-तीन वर्षांत आली तर योजनाच बसते. चौदा मिनिटांत याबद्दल एक शब्द नव्हता.

5. न सांगितलेल्याची यादी लिहा

वरचा धोका यादीत पहिला. दुसरा महागाईचा: ती सहा टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या दहा हजारांत आजच्या सुमारे 3,100 रुपयांचाच किराणा येईल. 'आयुष्यभर दहा हजार' हे वचन पाळलं गेलं तरी एवढंच. तिसरा किरकोळ, पण पहिल्याच महिन्यापासून लागणारा: अनेक इक्विटी फंडांत वर्षाच्या आत पैसे काढले तर एक टक्क्यापर्यंत रक्कम एक्झिट लोड म्हणून कापली जाते, आणि नफ्यावर कर वेगळा.

6. बोलणारा कोण, ते शेवटी पाहा

सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक `INA` ने सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर तो तपासता येतो. `ARN` असेल तर तो म्युच्युअल फंड वितरक आहे, म्हणजे त्याच्यामार्फत रेग्युलर प्लॅन घेतला की त्याला कमिशन मिळतं. यात बेकायदा काही नाही, फक्त ते कागदावर असावं. नानांच्या व्हिडिओत कुठलाच क्रमांक नव्हता, वर्णनात खातं उघडायची लिंक मात्र तीनदा होती. क्रमांक सापडला म्हणून चौथ्या पायरीचं गणित बदलत नाही, हेही लक्षात ठेवा.

कागद पूर्ण झाल्यावर नानांनी पेन मागून घेतलं. "दहा नाही, पाचच हजार काढले तर?"

तेच गणित पुन्हा केलं. पहिल्या वर्षी 30 टक्के पडून सात लाख, त्यातून 60,000 गेले, उरले 6,40,000. पुढच्या वर्षी बारा टक्क्यांनी 7,16,800, त्यातून 60,000 गेले, उरले 6,56,800. म्हणजे पडझडीनंतरही रक्कम हळूहळू वर सरकते. नानांनी 6,56,800 भोवती गोल केला, शेजारी लिहिलं 'बारा मिळाले तर', आणि म्हणाले, "आता हेच आठ टक्क्यांनी करून दे."