काश्मीर ग्रुप टूरचं कॅरोसेल करताय? 'यात काय नाही' हे शेवटच्या स्लाइडवर टाकू नका

नाशिकच्या एका टूरवाल्यांसाठी मी इन्स्टाच्या पोस्ट बनवते, आणि ही चूक मी स्वतः केलीय म्हणून सांगते. काश्मीरचं 10 स्लाइडचं कॅरोसेल होतं, चौथ्या दिवसाच्या स्लाइडवर मोठ्ठ्या अक्षरात 'पहलगाम: बेताब व्हॅली, आरू, चंदनवाडी', आणि यात काय नाही ते सगळं दहाव्या स्लाइडवर बारीक अक्षरात. तिथे 'वैयक्तिक खर्च' एवढंच लिहिलेलं.

आता पहलगामला काय होतं, श्रीनगरहून आलेली आपली गाडी या तीन पॉइंटला जात नाही, तिथल्या युनियनची टॅक्सी करावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. इंदिरानगरच्या एका काकूंनी तिथूनच फोन केला, "अगं, तुमच्याच फोटोत लिहिलंय की बेताब व्हॅली!" त्यांच्याकडे फक्त चौथ्या स्लाइडचा स्क्रीनशॉट होता, फॅमिली ग्रुपवर आलेला. दहावी त्यांनी बघितलीच नव्हती, आणि बघितली असती तरी टॅक्सी म्हणजे वैयक्तिक खर्च हे कोणाच्या डोक्यात येणारे?

तेव्हापासून मी प्रत्येक दिवसाच्या स्लाइडवर खाली दोन ओळी टाकते:

आहे: हॉटेल, नाश्ता, रात्रीचं जेवण, श्रीनगर ते पहलगाम गाडी
नाही: बेताब-आरू-चंदनवाडीची लोकल टॅक्सी, घोडा, दुपारचं जेवण

दोन्ही ओळींची अक्षरं सारख्याच साइजची ठेवायची, 'नाही' बारीक केलं की लोकांना लगेच वास येतो. गुलमर्गलाही तेच, नुसतं 'गोंडोला राइड' लिहू नका. गोंडोलाचे दोन टप्पे आहेत, पहिला कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा वर अफरवतला, त्यातला कुठला धरलाय ते लिहा, आणि वारा सुटला की वरचा टप्पा बंद ठेवतात हेही तिथेच टाका. पहलगामचे कुठले पॉइंट चालू आहेत तेसुद्धा पोस्ट टाकायच्या आधी तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारून घ्या.

दुसरी गडबड पहिल्या स्लाइडवर असते. 'नाशिकहून काश्मीर' असं लिहितात आणि रेट असतो श्रीनगर ते श्रीनगरचा! मग विमान, मुंबई एअरपोर्टपर्यंतची गाडी हे सगळं माणूस त्यातच धरतो आणि ऑफिसला येऊन वाद घालतो. म्हणून रेटच्या शेजारीच लिहा, कुठून कुठपर्यंत, एका रूममध्ये किती जण धरून आणि 5 टक्के जीएसटी त्यात आहे की वर.

आणि हो, रेट एकाच स्लाइडवर ठेवा, प्रत्येक स्लाइडवर शिक्का मारल्यासारखा नको. पोस्ट टाकल्यावर कॅप्शन बदलता येतं पण फोटो बदलता येत नाही, विमानाचं तिकीट वाढलं की सगळी पोस्ट काढून परत टाकावी लागते आणि जुने स्क्रीनशॉट फिरत राहतात ते वेगळंच. त्यामुळे मी रेटखाली 'अमुक तारखेपर्यंतच्या बुकिंगला' अशी ओळ टाकते, तीही त्याच स्लाइडवर, कारण स्क्रीनशॉटबरोबर कॅप्शन जात नाही.