लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ काढताय? या चुका टाळा

मुंबईतल्या हॉलमध्ये डायनिंग टेबल बसवायचं म्हणजे इंच-इंच मोजावा लागतो. त्यामुळे गोल टेबलापेक्षा लांबट अंडाकृती टेबल बरेच जण पसंत करतात: भिंतीलगत मावतं आणि टोकदार कोपरे नसल्यामुळे मुलांना लागतही नाही. समजा वरची काच टोकापासून टोकापर्यंत ६ फूट लांब आणि मधोमध ४ फूट रुंद आहे, आणि तिचा आकार खरोखरच लंबवर्तुळाचा आहे. तिचं क्षेत्रफळ किती?

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: πab. तरी दादरला अकरावीच्या मुलांना शिकवताना मला याच एका काचेची चार वेगवेगळी उत्तरं मिळतात. सूत्र पाठ असूनही हे घडतं, कारण ते वर्तुळातून कसं निघालं हे डोळ्यांसमोर नसतं. एकदा ते नीट दिसलं की कोणतं उत्तर कुठे घसरलं हे आपलं आपल्याला कळतं.

पहिली चूक: अख्खी लांबी-रुंदी घालणं

π × ६ × ४ = ७५.४ चौरस फूट. ही चूक सर्वांत जास्त होते आणि पकडायलाही सर्वांत सोपी आहे. ही काच ६ × ४ च्या आयतात बसते, आणि त्या आयताचं क्षेत्रफळच मुळी २४ आहे. आत बसणारी काच ७५ कशी असेल? सूत्रातले a आणि b म्हणजे मध्यबिंदूपासून टोकापर्यंतची अंतरं, म्हणजे अर्धअक्ष: a = ३, b = २. उत्तर π × ३ × २ = १८.८५ चौरस फूट.

पूर्ण मापंच वापरायची असतील तर लांबी गुणिले रुंदी करून त्याला π/४ ने, म्हणजे ०.७८५ ने गुणा. लंबवर्तुळ कितीही चपटं असो, बाहेरच्या आयताचा साडेअठ्ठ्याहत्तर टक्के भाग ते व्यापतं. काचेचं दुकान मात्र आयताकृती शीटमधून तुकडा कापतं, म्हणून अनेक दुकानदार पूर्ण २४ फुटांचे पैसे लावतात. तो हिशोब वाया जाणाऱ्या कोपऱ्यांचा आहे, सूत्राशी त्याचा संबंध नाही.

दुसरी चूक: दीडपट ताणलं म्हणून सव्वादोनपट करणं

खरी गोम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

४ फूट व्यासाचं गोल टेबल घ्या. त्रिज्या २, क्षेत्रफळ π × २ × २ = १२.५७. आता ते फक्त लांबीच्या दिशेने दीडपट ताणलं. लांबी ४ ची ६ झाली, रुंदी ४ च राहिली. आपली काच तयार झाली. वर्गात लगेच प्रश्न येतो, "मॅडम, त्रिज्या दीडपट झाली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं ना?" दीडचा वर्ग सव्वादोन, म्हणून १२.५७ चे २८.२७. आयताच्या २४ पेक्षा हे जास्त आहे, म्हणजे कुठेतरी बिघडलं आहे. २८.२७ हे कशाचं क्षेत्रफळ आहे ते पाहा: ३ फूट त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचं. म्हणजे आपण नकळत रुंदीही ताणली.

काय घडतं ते पट्ट्या पाडून पाहू. मूळ गोल टेबलावर लांबीच्या दिशेने समांतर रेघा मारून अरुंद पट्ट्या करा. मध्यातून जाणारी पट्टी ४ फूट लांब आहे. मध्यापासून १ फूट बाजूला असलेली पट्टी सुमारे ३.४६ फूट लांब आहे (पायथागोरस: अर्धी लांबी म्हणजे ४ − १ चं वर्गमूळ). आता टेबल ताणा. मधली पट्टी ६ फुटांची होते, बाजूची साधारण ५.२ फुटांची. दोन्ही बरोबर दीडपट. कडेच्या अगदी आखूड पट्टीचंही तेच. पट्टीची रुंदी मात्र कुठेच बदलत नाही, कारण त्या दिशेने आपण ताणलंच नाही. प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ दीडपट, म्हणून बेरीजही दीडपट: १२.५७ × १.५ = १८.८५.

"पण पट्ट्यांची टोकं वाकडी असतात, आयत धरले तर थोडा भाग सुटतोच," अशी शंका काढणारी मुलं मला आवडतात. उत्तर असं: पट्ट्या कितीही जाड-बारीक घेतल्या तरी वर्तुळातली बेरीज आणि लंबवर्तुळातली बेरीज यांचं गुणोत्तर नेमकं दीडच राहतं. पट्ट्या बारीक करत गेलं की एक बेरीज वर्तुळाच्या खऱ्या क्षेत्रफळाकडे जाते, दुसरी लंबवर्तुळाच्या. गुणोत्तर मध्ये कधी हललंच नाही, म्हणून शेवटीही दीडच. या पायरीत कुठेही अंदाज नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने हेच गुणोत्तर सिद्ध केलं होतं: लंबवर्तुळ आणि त्याच्या मोठ्या अक्षावर काढलेलं वर्तुळ यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर लहान अक्ष आणि मोठा अक्ष यांच्या गुणोत्तराइतकंच असतं.

उलट बाजूनेही तपासून घ्या. ३ फूट त्रिज्येचं वर्तुळ घेऊन त्याची रुंदी दोन तृतीयांश करा: २८.२७ × २/३ = १८.८५. हवं तर १ फूट त्रिज्येच्या वर्तुळापासून निघा. त्याचं क्षेत्रफळ π. एका दिशेने a पट ताणलं की πa, दुसऱ्या दिशेने b पट ताणलं की πab. दोन्ही अर्धअक्ष सूत्रात का येतात याचं कारण एवढंच: दोन दिशा आहेत, आणि प्रत्येक दिशेचा ताण क्षेत्रफळाला स्वतंत्रपणे एकदाच गुणतो. वर्तुळाच्या πr² मधला वर्गही असाच आलेला आहे, दोन्ही दिशांना सारखाच ताण म्हणून r दोनदा.

तिसरी चूक: सरासरी त्रिज्या

३ आणि २ ची सरासरी २.५ घेऊन π × २.५ × २.५ = १९.६३. ही चूक फसवी आहे, कारण उत्तर खऱ्याच्या जवळ जातं आणि आयताच्या कसोटीलाही उतरतं. आकार गोलसर असेल तोवर ही चूक लपून राहते. एकदम चपटा आकार घ्या: a = १०, b = १. सरासरी ५.५, उत्तर ९५.०३. खरं क्षेत्रफळ ३१.४२, आणि बाहेरचा आयतच ४० चा! एका दिशेचा ताण दुसऱ्याला गुणतो, त्यात मिळत नाही. म्हणून समान क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या a आणि b च्या गुणाकाराचं वर्गमूळ असते. आपल्या काचेसाठी ती २.४५ येते.

चौथी चूक: परीघावरून क्षेत्रफळ

काचेच्या कडेला पॉलिश करायचं असेल तर दर रनिंग फुटाने लागतो, म्हणून कोणीतरी कडेभोवती टेप फिरवतो. टेप सुमारे १५.८७ फूट दाखवतो. एवढ्या परीघाचं वर्तुळ काढलं तर त्याचं क्षेत्रफळ २०.०३ येतं, खऱ्यापेक्षा जास्त. ठरलेल्या परीघात सर्वांत जास्त जागा वर्तुळच व्यापतं, त्यामुळे या रीतीने उत्तर नेहमी फुगतं.

वर्तुळासाठी दुसरा एक नियम चालतो: परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले थोर गणिती महावीराचार्य यांनी लांबट वर्तुळालाही तोच नियम लावला, व्यासाच्या जागी लहान अक्ष घेऊन. परीघासाठी त्यांनी दिलेलं सूत्र (१६a² + २४b² चं वर्गमूळ) आपल्या काचेला १५.४९ देतं, म्हणजे खऱ्याच्या बरंच जवळ. पण क्षेत्रफळ त्यामुळे १५.४९ × १ = १५.४९ येतं, १८.८५ नव्हे. वर्तुळात हा नियम बरोबर ठरतो कारण मध्यापासून कडेपर्यंत पाडलेल्या सगळ्या बारीक त्रिकोणांची उंची एकच असते, त्रिज्येइतकी. लंबवर्तुळात ती उंची २ पासून ३ पर्यंत बदलत जाते. सगळीकडे २ धरली की उत्तर कमी पडणारच.

उलट दिशेने, क्षेत्रफळाची युक्ती परीघाला लावू नका. ३ त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ १८.८५ फूट, त्याला दोन तृतीयांशाने गुणलं तर १२.५७ येतं. हा तर आत मावणाऱ्या २ त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ झाला! ताणताना आडवे तुकडे वाढतात, उभे तसेच राहतात, तिरपे मधलंच काहीतरी वाढतात, म्हणून परीघाला एकच गुणक लागू होत नाही. त्याला साधं नेमकं सूत्रही नाही. पॉलिशच्या हिशोबाला रामानुजन यांचं १९१४ मधलं अंदाजी सूत्र उत्तम चालतं:

π[3(a + b) − √((3a + b)(a + 3b))]

यातून १५.८७ फूट मिळतं.

आणि आकारच लंबवर्तुळ नसेल तर?

अंडाकृती म्हणून विकली जाणारी बरीच टेबलं मध्ये सरळ आयत आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळ अशी असतात. ६ × ४ मापात अशा टेबलाचं क्षेत्रफळ ८ + १२.५७ = २०.५७ भरतं, तिथे πab लावायचं नाही. ओळखायला एकच माप पुरतं. मध्य आणि टोक यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे मध्यापासून दीड फुटावर, रुंदी मोजा. खऱ्या लंबवर्तुळात ती मधल्या रुंदीच्या ०.८६६ पट असते: ४८ इंचांची साडेएकेचाळीस. आयत-अर्धवर्तुळाच्या टेबलात तीच साडेशेहेचाळीस भरते. पाच इंचांचा फरक टेपवर चटकन दिसतो.

माप दोन्हींशी जुळलं नाही तर सुतारासारखा पुठ्ठ्याचा फर्मा काढा आणि पुन्हा पट्ट्यांकडेच वळा: दर ६ इंचांवर रुंदी मोजा, शेजारच्या दोन रुंदींची सरासरी घेऊन अर्ध्या फुटाने गुणा आणि बेरीज करा. आपल्या लंबवर्तुळावर ही रीत १८.३७ देते, जवळपास अडीच टक्के कमी, कारण टोकाशी कड झपाट्याने वळते आणि तिथली पट्टी खऱ्यापेक्षा बारीक धरली जाते. म्हणून शेवटच्या फुटात मापं दर इंचाला घ्या, मध्ये ६ इंच पुरतात.