पेरोल बाहेर द्यायचं का? रबाळ्यातल्या एका कारखान्याचा हिशेब

अकाउंट्समध्ये नवीन असाल तर हे काम कधीतरी तुमच्या टेबलावर येईलच. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात १८० माणसं. एका एजन्सीने माणशी महिना ११० रुपये सांगितले, म्हणजे १९,८००, शिवाय सुरुवातीचे एकरकमी ४०,०००. साहेबांच्या कागदावर सध्याचा खर्च ४२,००० होता: पगार करणाऱ्या मॅडमचे ३२,०००, सॉफ्टवेअरचे ४,००० आणि पीएफ-ईएसआय बघणाऱ्या सल्लागाराचे ६,०००. महिन्याला २२,२०० वाचणार, असं त्यांनी धरलं होतं.

मी मॅडमशेजारी बसून त्यांचा महिना लिहून काढला. चोवीस दिवसांपैकी पेरोलला आठ जात होते. बाकी रजा, भरती, कॅन्टीनची बिलं. एजन्सी आली तरी मस्टर जुळवणं, सुपरवायझरकडून ओव्हरटाइमवर सही घेणं आणि आलेलं पगारपत्रक तपासणं आपल्याकडेच राहतं. त्याला तीन दिवस. मोकळे झाले पाच. मॅडमचा पगार तर एक रुपयाने कमी होत नाही! खरोखर बंद होणारा खर्च फक्त १०,०००. म्हणजे दरमहा ९,८०० जास्त मोजून पाच दिवस विकत घ्यायचे, दिवसाला १,९६०. मॅडमचा स्वतःचा दिवस साधारण १,३३३ ला पडतो.

जीएसटी मी धरला नाही, कारण आम्हाला त्याचा क्रेडिट मिळतो. शाळा किंवा हॉस्पिटल असतं तर १९,८०० चे २३,३६४ धरावे लागले असते.

दर वाचताना 'माणशी' म्हणजे काय ते विचारा. सोडून गेलेल्याचा फुल अँड फायनल, एरियर्स, कटऑफनंतर आलेली हजेरी यांचे पैसे बहुधा वेगळे लागतात, आणि ओव्हरटाइमच्या कारखान्यात हजेरी उशिरा येतेच. पीएफ १५ तारखेच्या आत भरला नाही तर १२ टक्के व्याजाची नोटीस कंपनीच्या नावावर येते, एजन्सीच्या नाही. ती भरपाई करारात लिहून घ्यावी.

चाचणी म्हणून एजन्सीला एक महिना आमच्या पगाराशी समांतर चालवलं. दोन्ही पत्रकांतला निव्वळ पगार माणसागणिक वजा केला. काही बायकांच्या ओळीत नेमका २०० चा फरक निघाला. महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही. एजन्सीच्या मास्टरमध्ये लिंगाचा रकाना रिकामा होता. नुसती एकूण बेरीज पाहिली असती तर हे नजरेतून सुटलंच असतं.

नवी लाइन सुरू झाली की माणसं ३०० होणार होती. तेव्हा पेरोलसाठी २८,००० ची दुसरी व्यक्ती घ्यावी लागली असती. ती न घेतल्यास टळणारा खर्च ३८,०००, एजन्सीचे ३३,०००. पाच हजार वाचतात, आठ महिन्यांत सुरुवातीचे ४०,००० फिटतात. साहेबांनी करार नव्या लाइनच्या महिन्यापर्यंत पुढे ढकलला.