घरभाडे भत्त्याची करमाफ रक्कम कशी काढावी: ठाणे-मुलुंडचे एक उदाहरण

पगारपत्रकात ‘एचआरए’ या नावाने जी रक्कम दिसते, ती सगळीच्या सगळी करमुक्त असते असा समज बऱ्याच नोकरदारांचा असतो, आणि उरलेल्यांचा समज असा असतो की भरलेले सगळे भाडे उत्पन्नातून वजा होते. दोन्ही समज चुकीचे आहेत. आयकर कायदा, 1961 मधील कलम 10(13ए) आणि आयकर नियम 2ए यांनुसार तीन रकमा काढाव्या लागतात आणि त्यांतली सर्वांत लहान रक्कम तेवढी करमाफ होते. पुढील विवेचन आर्थिक वर्ष 2025-26 साठी, म्हणजे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळातील पगारासाठी आहे.

हिशोबाला बसण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते. ही माफी फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली आता मूळ धरली जात असल्याने, जुनी हवी असल्यास ती मुद्दाम निवडावी लागते. एरवीच्या वजावटी तुटपुंज्या असतील, तर केवळ घरभाड्याच्या माफीसाठी जुनी प्रणाली परवडतेच असे नाही. म्हणून आधी माफीचा आकडा काढावा आणि मगच दोन्ही प्रणालींतील कर शेजारी शेजारी मांडून पाहावा.

पहिली पायरी: ‘पगार’ म्हणजे नेमके काय ते ठरवणे

या हिशोबापुरता पगार म्हणजे मूळ वेतन, आणि निवृत्तीच्या लाभांसाठी धरला जात असेल तर महागाई भत्ता. विक्रीच्या ठरावीक टक्केवारीने मिळणारे कमिशनही त्यात येते. बाकी काहीही येत नाही. खासगी कंपन्यांच्या पगारपत्रकात ‘स्पेशल अलाऊन्स’ ही ओळ अनेकदा मूळ वेतनाच्या तोडीस तोड असते. ती येथे धरायची नाही, बोनसही धरायचा नाही, आणि वार्षिक ‘सीटीसी’च्या आकड्याचा तर येथे काहीच संबंध नाही. सरकारी कर्मचाऱ्यांनी मात्र महागाई भत्ता मिळवायला विसरू नये, कारण त्याने तिन्हींपैकी दोन रकमा बदलतात.

दुसरी पायरी: तीन रकमा

पहिली रक्कम म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला घरभाडे भत्ता. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष भरलेल्या भाड्यातून पगाराचा दहावा भाग वजा करून उरणारी रक्कम. तिसरी म्हणजे घर मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नईत असल्यास पगाराच्या 50 टक्के, आणि इतर कोठेही असल्यास 40 टक्के.

यातील ‘घर’ हा शब्द नीट वाचावा. कार्यालय कोठे आहे याला येथे महत्त्व नाही. भाड्याने घेतलेले घर कोठे आहे ते पाहिले जाते. कार्यालय लोअर परळला आणि घर ठाण्यात असेल, तर 40 टक्केच धरायचे, कारण ठाणे आणि नवी मुंबई ही स्वतंत्र शहरे आहेत. टोलनाक्याच्या अलीकडचे मुलुंड मात्र मुंबईत मोडते, म्हणून तेथे 50 टक्के. शहर म्हणून पुणे कितीही मोठे असले, तरी या वर्षासाठी ते 40 टक्क्यांतच आहे.

तिसरी पायरी: वर्षाचे तुकडे पाडणे

बहुतेक चुका येथे होतात. मूळ वेतन, मिळणारा भत्ता, भरलेले भाडे आणि घराचे ठिकाण या चारही गोष्टी बारा महिने तशाच राहिल्या, तरच वार्षिक बेरजांवर एकदम हिशोब करता येतो. त्यांपैकी एकही बदलली की तेथे नवा तुकडा सुरू होतो, प्रत्येक तुकड्यासाठी तीन रकमा वेगळ्या काढाव्या लागतात आणि शेवटी माफीच्या रकमांची बेरीज करावी लागते. नियमात पगार मोजायचा तोही त्या घरात राहिल्याच्या काळापुरताच, हे त्यामागचे कारण आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. लोअर परळच्या एका खासगी कंपनीत काम करणाऱ्या एका बाईंचे मूळ वेतन एप्रिलमध्ये दरमहा 50,000 रुपये आणि घरभाडे भत्ता 25,000 रुपये आहे. स्पेशल अलाऊन्स 22,000 आहे, तो आपण बाजूला ठेवतो. त्या ठाण्यात 18,000 रुपये भाड्याने राहतात. जुलैपासून वेतनवाढ होऊन मूळ वेतन 56,000 आणि भत्ता 28,000 होतो. सप्टेंबरअखेर त्या ठाण्याचे घर सोडतात, ऑक्टोबरभर भावाकडे विनाभाडे राहतात आणि 1 नोव्हेंबरपासून मुलुंडला 30,000 रुपये भाड्याच्या घरात जातात. म्हणजे वर्षाचे चार तुकडे झाले.

| काळ | भत्ता | भाडे वजा 10% | 40% / 50% | माफ, दरमहा | तुकड्याची माफी |
|---|---|---|---|---|---|
| एप्रिल–जून | 25,000 | 13,000 | 20,000 | 13,000 | 39,000 |
| जुलै–सप्टेंबर | 28,000 | 12,400 | 22,400 | 12,400 | 37,200 |
| ऑक्टोबर | 28,000 | भाडे नाही | – | 0 | 0 |
| नोव्हेंबर–मार्च | 28,000 | 24,400 | 28,000 | 24,400 | 1,22,000 |

एकूण माफी 1,98,200 रुपये. वर्षभरात भत्ता मिळाला 3,27,000 रुपये, म्हणून उरलेले 1,28,800 रुपये करपात्र पगारात राहतील.

या तक्त्यातील दुसरी ओळ पाहावी. पगार वाढला, भत्ता वाढला, भाडे तेच राहिले, आणि माफी दरमहा 600 रुपयांनी घटली. पगाराचा दहावा भाग 5,000 वरून 5,600 झाल्याने हे घडले. भत्ता भाड्यापेक्षा बराच जास्त असतो तेव्हा बहुधा हीच मधली रक्कम माफीची मर्यादा ठरवते. अशा वेळी भत्ता वाढवून मागण्यात कराच्या दृष्टीने काही हशील नसते. शेवटच्या ओळीत घराच्या ठिकाणाचा परिणाम दिसतो. हेच 30,000 भाड्याचे घर ठाण्यात असते, तर 40 टक्क्यांप्रमाणे 22,400 हीच सर्वांत लहान रक्कम ठरली असती आणि पाच महिन्यांत 10,000 रुपयांची माफी कमी झाली असती.

आता हाच हिशोब कोणी वार्षिक बेरजांवर केला तर काय होते? वर्षाचे भाडे 2,58,000, वर्षाचा पगार 6,54,000, त्याचा दहावा भाग 65,400, वजाबाकी 1,92,600. म्हणजे 5,600 रुपयांची माफी हातची गेली, आणि हा फरक नेमका ऑक्टोबरच्या पगाराचा दहावा भाग आहे, जो भाडे नसलेल्या महिन्यासाठीही कापला गेला. येथे नुकसान करदात्याचे झाले. याउलट भाडे बाराही महिने असून वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळी रक्कम सर्वांत लहान ठरत असेल, तर वार्षिक हिशोबात माफी हक्कापेक्षा जास्त येते, आणि ती पुढे विचारणा झाल्यावर टिकत नाही.

चौथी पायरी: भाडे आणि त्याच्या पावत्या

भाडे म्हणून काय धरावे यात मुंबई परिसरात विशेष गोंधळ होतो. अनामत रक्कम भाडे नव्हे, दलाली भाडे नव्हे, आणि आपण स्वतंत्रपणे भरलेले विजेचे बिलही नव्हे. ‘हेवी डिपॉझिट’वर घर घेऊन दरमहा काहीच न देणाऱ्यास ही माफी मिळत नाही, कारण भाड्याचा खर्चच झालेला नसतो. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यालाही ती नाही.

पावतीवर भाडेकरूचे व मालकाचे नाव, घराचा पत्ता, कोणत्या महिन्याचे भाडे, रक्कम आणि मालकाची सही असावी. पावतीवरील रकमा बँकेच्या खातेउताऱ्याशी जुळतात का, हे एकदा ओळीने ताडून पाहावे. लिव्ह अँड लायसन्स करारात 28,000 आणि पावतीवर 30,000 असे दिसले, तर तपासणारा पहिले बोट तेथेच ठेवतो. वर्षाचे भाडे 1,00,000 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर मालकाचा पॅन फॉर्म 12बीबीमध्ये कंपनीला द्यावा लागतो. वरच्या उदाहरणात ठाण्याच्या मालकाला 1,08,000 आणि मुलुंडच्या मालकाला 1,50,000 गेले, म्हणून दोघांचेही पॅन घ्यावेत. घर सोडल्यावर जुन्या मालकाकडून पॅन मिळवणे किती जिकिरीचे होते ते घर बदललेले लोक जाणतात, त्यामुळे किल्ली परत देण्यापूर्वीच तो मागून ठेवावा.

आईवडिलांच्या घराचे भाडे त्यांना देऊन माफी घेता येते. मात्र घर त्यांच्या नावावर असले पाहिजे, पैसे खरोखर त्यांच्या खात्यात गेले पाहिजेत आणि त्यांनी ते भाडे आपल्या उत्पन्नात दाखवले पाहिजे. त्यांना त्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते. पती-पत्नींनी एकमेकांना भाडे दाखवण्याचा मार्ग वादाचा आहे आणि तो न धरलेलाच बरा.

भाडे दरमहा 50,000 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर कलम 194-आयबीप्रमाणे भाडेकरूने 2 टक्के कर कापून फॉर्म 26क्यूसीद्वारे भरायचा असतो. मालक अनिवासी असल्यास ही मर्यादा लागू नाही. तेथे वेगळे कलम आणि बरेच चढे दर लागतात, म्हणून करार करतानाच मालकाचा निवासी दर्जा विचारून घ्यावा.

पाचवी पायरी: फॉर्म 16 आणि विवरणपत्र

कंपनीने काढलेली माफी फॉर्म 16 च्या ‘भाग ब’मध्ये कलम 10(13ए) समोर दिसते. ती आपल्या आकड्याशी जुळत नसेल, तर कंपनीकडे नोंदवलेले घराचे ठिकाण आणि घर बदलल्याची तारीख आधी तपासावी; वरच्या बाईंनी नवा पत्ता कळवला नसता, तर कंपनीच्या प्रणालीत वर्षभर ठाणे आणि 18,000 हेच राहिले असते. जानेवारी-फेब्रुवारीत पावत्या द्यायच्या राहून गेल्या, तरी हक्क बुडत नाही. विवरणपत्र भरताना माफी थेट मागता येते आणि जास्त कापलेला कर परतावा म्हणून मिळतो. पावत्या त्यासोबत जोडायच्या नसतात, पण विचारणा झाल्यास दाखवण्यासाठी जपून ठेवाव्या लागतात. मुदत मात्र पाळावी, कारण विवरणपत्र मुदतीनंतर भरल्यास जुनी प्रणाली निवडताच येत नाही आणि 1,98,200 रुपयांची ही सगळी माफी करपात्र पगारात परत मिळवली जाते.