समुद्रातून आल्यावर घड्याळ आधी मगात

तारकर्लीला पोहून आलो आणि घड्याळ तसंच हातात ठेवून नागपूरला परतलो. पुढच्या पावसाळ्यात पट्टा निसटून घड्याळ फरशीवर पडलं. सीताबर्डीच्या कारागिराने पट्ट्याची पिन काढून दाखवली: टोकाला तपकिरी गंज, भोकात पांढरं मीठ. केस स्टीलची, पण आतली स्प्रिंगची पिन बारीक असते आणि खारं पाणी तिथेच अडकून राहतं.

आता हॉटेलवर पोचल्याबरोबर, मीठ वाळायच्या आत, एवढं करतो:

१. चावी पूर्ण आत आहे ना ते बघायचं. आट्यांची असेल तर घट्ट फिरवायची.
२. मगभर साध्या, गोड्या पाण्यात घड्याळ दहा मिनिटं बुडवून ठेवायचं. मग पाणी बदलून पुन्हा पाच मिनिटं. नळाखाली नुसतं धरून पिनेच्या भोकातलं मीठ निघत नाही.
३. काचेभोवतीची कडी फिरती असेल तर पाण्यातच दोन-तीन वेळा फिरवायची, वाळू सुटते.
४. जुन्या मऊ टूथब्रशने चावीच्या बुडाशी आणि पट्टा जिथे केसला जोडतो तिथे हलकेच घासायचं.
५. सुती कापडाने पुसून सावलीत वाळवायचं.

वाळल्यावर पिनेपाशी पांढरी कड दिसली तर पुन्हा बुडवा.

गरम पाणी अजिबात नको, रबरी सील खराब होतात. ओलं असताना चावी ओढायची नाही. मागे फक्त ३० मीटर लिहिलेलं घड्याळ बुडवूच नका, ते पोहण्यासाठी नसतंच; ओल्या कापडाने दोन-तीनदा पुसा.