पाठभर डाग असले की नेमका कुठला संशयाचा?

इंग्लंडमध्ये जीपीचं प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा मी सगळ्यात जास्त अडखळले ती म्हाताऱ्या गोऱ्या माणसांच्या पाठीपाशी. आपल्याकडे एमबीबीएसला मेलानोमा मी एकदाच पाहिला होता, तोही तळपायावर. सेबोरिक केराटोसिस मात्र ओळखीचं होतं, कारण आई-आजीच्या गालावरचे ते बारीक काळे मस म्हणजे त्याचाच एक प्रकार. पण इथे शर्ट काढला की पाठीवर तीस-चाळीस डाग दिसतात: तपकिरी, काळे, खरखरीत, काही नाण्याएवढे. नव्याने येणाऱ्यांसाठी त्यातला एकच प्रसंग नीट सांगते.

७१ वर्षांचे एक आजोबा आले. पाठीवरचा एक मोठा डाग खाजत होता, तो वाढलाय असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. डाग दीड सेंटिमीटरचा, काळा-तपकिरी, कडा वेड्यावाकड्या. इथे जीपी संशयित मेलानोमासाठी सात मुद्द्यांची गुणपत्रिका वापरतात. आकार वाढणं, आकृती बेढब असणं, रंग एकसारखा नसणं याला प्रत्येकी २ गुण. व्यास ७ मिलिमीटर किंवा जास्त, दाह, स्राव, संवेदनेत बदल याला प्रत्येकी १. एकूण ३ झाले की तातडीने तज्ज्ञाकडे पाठवायचं. या डागाचे माझ्या हिशोबाने ८ झाले. मी पत्र लिहायलाच बसले होते.

माझ्या ट्रेनर आत आल्या आणि त्यांनी डागाकडे बघायच्या आधी दोन पावलं मागे जाऊन अख्खी पाठ पाहिली. मग मला म्हणाल्या, "यातला बाकीच्यांसारखा नसलेला कुठला, ते दाखव." मोठा डाग तर बाकीच्यांचाच थोरला भाऊ होता: मेणाचा गोळा वरून चिकटवल्यासारखा, बोटाला खरखरीत, कड नखाने उचलता येईल अशी. वेगळा होता तो डाव्या खांद्याच्या फऱ्याजवळचा, जेमतेम ९ मिलिमीटरचा. जवळजवळ सपाट, गुळगुळीत, एका बाजूला काळा, मध्ये निळसर. त्याबद्दल आजोबांची काहीच तक्रार नव्हती. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

मग डर्मोस्कोप. जेल लावून, अध्रुवीकृत प्रकाशात. हे मुद्दाम सांगते, कारण केराटोसिसच्या खुणा याच प्रकाशात जास्त ठळक दिसतात आणि माझं यंत्र नेहमी ध्रुवीकृतवरच असायचं. मोठ्या डागात पांढरे, दाण्यासारखे चमकणारे ठिपके होते, म्हणजे केराटिनच्या बारीक गाठी. काळपट भोकं होती, ब्लॅकहेडसारखी. पृष्ठभागावर मेंदूच्या वळ्यांसारख्या घड्या, आणि कड सगळीकडे एकदम तुटलेली. छोट्या डागात यातलं काहीच नव्हतं. रंगद्रव्याचं जाळं एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला गायब. कडेला मनमानी पसरलेले काळे ठिपके. मधोमध निळ्या-पांढऱ्या धुक्यासारखा थर.

गुणपत्रिका खोटी नव्हती. छोट्या डागालाही रंगाचे २, आकृतीचे २ आणि व्यासाचा १ असे ५ मिळालेच. पण तिच्यावरच विसंबले असते तर ८ गुणांचा निरुपद्रवी डाग पाठवला असता आणि ५ गुणांच्या डागाकडे माझं लक्षही गेलं नसतं. केराटोसिस बेढब असतं, रंगीबेरंगी असतं, वाढतं, कपड्याला घासून खाजतं, त्यातून रक्तही येतं. म्हणून 'मेलानोमासारखं दिसतंय का' एवढंच विचारून या पाठीवर भागत नाही. 'हे केराटोसिसच आहे याचा पुरावा मला दिसतोय का' हेही विचारावं लागतं.

त्या पुराव्यालाही मर्यादा आहे. काही मेलानोमा खरखरीत, मसासारखेच असतात आणि त्यांच्यातही ते पांढरे ठिपके सापडतात. एखाद-दुसरा ठिपका दिसला म्हणून मी आता निर्धास्त होत नाही. खुणा डागभर आहेत का ते बघते, आणि डागात काळा व निळा एकत्र दिसले तर बाकी कितीही ओळखीचं वाटलं तरी पाठवते. खपलीने काहीच दिसत नसेल तर 'निरुपद्रवी' असं लिहीत नाही.

एक चूक मात्र कधीच करू नका: शंका असलेल्या डागावर द्रव नायट्रोजन मारणं. डाग जळून जातो, तपासायला ऊतक उरत नाही, आणि खाली मेलानोमा असला तर त्याची खोली मोजायची संधीच जाते. पुढचे सगळे उपचार त्या खोलीवर ठरतात. वरवर खरवडून काढण्यातही तोच धोका. संशयित डाग तज्ज्ञाने पूर्ण, साधारण २ मिलिमीटर निरोगी कातडीसकट काढायचा असतो.

आजोबांचा छोटा डाग तसाच काढला. अहवालात मेलानोमा, खोली ०.६ मिलिमीटर, व्रण नाही. मग त्या जागी १ सेंटिमीटरची कड ठेवून पुन्हा शस्त्रक्रिया झाली. मोठा डाग अजून त्यांच्या पाठीवर आहे, आणि अधूनमधून खाजतोही.