ट्रान्सपोर्टचा संप: ग्राहकांना नवी तारीख कळवायच्या आधीची तयारी

संप सुरू झाला की पहिल्या तासात सगळ्यांना "डिलिव्हरीला उशीर होईल, सहकार्य करा" असा एक मेसेज जातो आणि मग दिवसभर फोन वाजत राहतो, कारण त्या मेसेजमध्ये लोकांना जे हवं असतं तेच नसतं, म्हणजे तारीख. आणि तारीख घाईने लिहिली तर बहुतेक वेळा चुकीची लिहिली जाते, कारण आपण मनात साधा हिशोब करतो की संप ६ दिवसांचा, म्हणजे उशीर पण ६ दिवसांचा. तसं होत नाही. का होत नाही ते खाली आकड्यांनी दाखवतो, पण त्याआधी करायची कामं सांगतो.

पहिलं काम, सगळ्या पेंडिंग ऑर्डरची यादी काढा आणि माल आत्ता नक्की कुठे आहे त्यावरून तीन ढीग करा. एक, माल अजून आपल्याच गोडाऊनमध्ये आहे, मग पॅक झालेला असो वा नसो. दोन, ट्रान्सपोर्टवाल्याने उचललाय आणि त्याच्या हबवर किंवा वाटेत गाडीत अडकलाय. तीन, ग्राहकाच्या गावापर्यंत पोचलाय, फक्त घरपोच द्यायचा राहिलाय. इथे ट्रॅकिंगवर डोळे झाकून विसंबू नका, नुसतं लेबल बनलं तरी बऱ्याच ठिकाणी पार्सल पाठवलं असं दिसतं आणि पुढचं "इन ट्रान्झिट" हे स्टेटस गाडी चार दिवस रस्त्याकडेला उभी असली तरी तसंच राहतं. स्टेटसचं नाव सोडा, शेवटचं स्कॅन कुठल्या तारखेचं आणि कुठल्या ठिकाणचं ते बघा. संप लागायच्या आधीचं पिकअप स्कॅनच नसेल तर ते पार्सल आपल्याच दारात आहे असं धरा आणि उठून शेल्फवर जाऊन बघा.

तिसऱ्या ढिगाला फोनच करा, मेसेज नको. त्यातल्या काही लोकांना हबवर जाऊन स्वतः उचलणं जमतं, आणि ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस उघडं असेल तर तो देतोही. दुसऱ्या ढिगाची तारीख आपल्या हातात नसते, तिथे गाडी कुठे आहे एवढंच खरं सांगता येतं. खरा हिशोब करायचा असतो पहिल्या ढिगाचा.

आता दुसरं काम, तीन आकडे हातात घ्या. रोज किती ऑर्डर येतात, संप मिटल्यावर ट्रान्सपोर्टवाला रोज किती नग उचलू शकेल, आणि उचलल्यापासून ग्राहकाच्या हातात पडायला किती दिवस लागतील. मधला आकडा विचारताना "नेहमी किती उचलता" असं विचारू नका, "संप मिटल्यावर पहिल्या दोन दिवसांत किती उचलाल" असं विचारा. पहिल्या दोन दिवसांत गाड्या भलत्याच गावी उभ्या असतात, ड्रायव्हर घरी गेलेले असतात, हबवर बाकी सगळ्यांचाही माल आलेला असतो, म्हणून मी तरी पहिले दोन दिवस निम्मंच धरतो.

समजा रोज ४० ऑर्डर येतात, गाडी पूर्ण ताकदीने रोज ५० नग उचलते आणि एरवी माल ३ दिवसांत पोचतो. संप ३ तारखेला लागला, ८ ला रात्री मिटला, ९ पासून गाड्या सुरू. रविवार सध्या बाजूला ठेवू. सहा दिवसांत २४० नग तुंबले. ९ आणि १० ला निम्म्याने २५-२५ उचलले जातील, ११ पासून ५०. ज्याने आधी ऑर्डर दिली त्याचं आधी, या नियमाने रांग लावली तर ३ तारखेच्या ऑर्डर ९ आणि १० ला निघतात, आणि ८ तारखेच्या ऑर्डर रांगेत २०१ ते २४० नंबरवर आहेत, त्या निघतात १४ ला. हब तुंबलेले असल्यामुळे प्रवासाला ३ ऐवजी ५ दिवस धरा. म्हणजे ८ तारखेची ऑर्डर जी ११ ला हातात पडायची ती १९ ला पडणार, पूर्ण ८ दिवस उशीर, आणि तिच्या वाट्याला संपाचा दिवस तर एकच आला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ९ तारखेची ऑर्डर, संप मिटल्यावर दिलेली, ती पण बहुतेक १५ ला निघून २० ला पोचते. एरवी १२ ला पोचली असती. तिलाही ८ दिवसच उशीर, आणि नेमक्या याच ग्राहकाला कुणी काही कळवलेलं नसतं, कारण आपल्या डोक्यात संप संपलेला असतो.

आणि हे लगेच भरून निघत नाही. १० तारखेच्या रात्री दाराशी २७० नग पडलेले असतात. रोज ५० जातात पण ४० नवे येतात, म्हणजे ढीग रोज फक्त १० ने कमी होतो. २७० ला १० ने भागा, २७ दिवस. ६ दिवसांच्या संपाचा परिणाम संप मिटल्यावर चार आठवडे पुरतो, आणि तो किती दिवस पुरेल हे संप किती चालला त्यापेक्षाही गाडीत रोज किती जास्तीची जागा मिळते यावर ठरतं. म्हणून तारखा लिहायच्या आधी एक चौकशी नक्की करा, रोज अजून १० नग नेणारी छोटी गाडी मिळते का. मिळाली तर ढीग रोज २० ने उतरतो आणि तेच काम दोन आठवड्यांत होतं. ते शक्य नसेल तर दोन-तीन दिवस नव्या ऑर्डर घेणं थांबवा, बंद ठेवलेल्या प्रत्येक दिवसाला ४० नग कमी. हे जड जातं हे मान्य, पण जी तारीख पाळता येणार नाही ती देऊन पैसे घेण्यापेक्षा बरं.

तिसरं काम, वेबसाइटवर ऑर्डर देताना जी अंदाजे तारीख आपोआप दिसते ती बदला, आणि हे मेसेज पाठवायच्या आधी करा. नोटिशीत २० तारीख आणि पेमेंटच्या पानावर "३ दिवसांत" असं असेल तर माणूस पेमेंटच्या पानावरचंच खरं धरणार. सिस्टिममधून आपोआप जाणारे "तुमचं पार्सल निघालं" वाले मेसेज लेबल बनल्यावर जात असतील तर ते बंद ठेवा, पिकअप स्कॅन झाल्यावरच जाऊ द्या. परत करायची मुदत ऑर्डरच्या तारखेपासून मोजत असाल तर ती माल हातात पडल्यापासून मोजायला घ्या.

मग नोटीस. संप चालू असताना आणि मिटल्यावर अशा दोन वेगळ्या नोटिसा तयार ठेवा. बेमुदत संपात पक्की तारीख देता येतच नाही, तेव्हा दोन गोष्टी लिहायच्या: संप मिटल्यापासून किती दिवस लागतील, आणि आपण पुन्हा कधी कळवणार. मी साधारण असं लिहीन: "ट्रान्सपोर्टच्या संपामुळे तुमची ४ तारखेची ऑर्डर आमच्या गोडाऊनमध्ये पॅक करून ठेवली आहे, अजून निघालेली नाही. संप कधी मिटेल ते आम्हाला माहीत नाही. मिटल्यावर तुमचं पार्सल तिसऱ्या दिवशीपर्यंत निघेल आणि त्यानंतर साधारण ५ दिवसांत तुमच्या हातात येईल. ७ तारखेला संध्याकाळपर्यंत पुन्हा कळवू, संप चालू असला तरीही. थांबायचं नसेल तर या मेसेजला 'रद्द' असं उत्तर द्या, पूर्ण पैसे परत करू." बस. अपरिहार्य कारणं, खेद, बहुमूल्य ग्राहक हे सगळं काढा, आणि संप करणाऱ्यांबद्दल बरंवाईट काहीच लिहू नका, वाचणाऱ्याच्या घरात पण कुणी गाडी चालवणारं असू शकतं.

संप मिटला की दुसरी नोटीस, त्यात तारीख असलीच पाहिजे. माल निघायची तारीख देऊ नका, हातात पडायची द्या, कारण ग्राहक तीच मोजतो. रविवार आणि सुट्ट्या आता जोडा. हिशोबाने जी तारीख आली तिच्यात एक दिवस वाढवा, १९ आली तर "२० पर्यंत" लिहा. "५ ते ७ दिवसांत" असं लिहिलं की वाचणारा ५ च धरतो, त्यामुळे शेवटची एकच तारीख द्या. हिशोब हातात असेल तर सगळ्यांना एकच तारीख देण्यापेक्षा ऑर्डरच्या तारखेप्रमाणे वेगळी द्या. सगळ्यांना २० सांगितली तर ३ तारखेवाला उगाच जास्त थांबून ऑर्डर रद्द करेल, सगळ्यांना १५ सांगितली तर ८ तारखेवाल्याला खोटं सांगितल्यासारखं होईल.

मेसेज एकदम सोडू नका, सगळ्यात जास्त उशीर ज्यांना त्यांना आधी, मग बाकीचे काही तासांच्या अंतराने, म्हणजे फोन घेणाऱ्यांना श्वास घेता येईल. ज्यांनी ऑर्डरमध्ये कार्यक्रमाची तारीख लिहिलीये किंवा ज्यांच्या मालाला टिकायची मुदत आहे ते वेगळे काढा, त्यांना फोन, आणि वेळेत जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगून दुसरीकडून घ्यायला सांगा. फोन घेणाऱ्यांच्या समोर ऑर्डरच्या तारखेप्रमाणे निघायची आणि पोचायची तारीख लिहिलेला कागद हवा, प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने उत्तर दिलं की एकाच ग्राहकाला तीन तारखा मिळतात.

तारीख सांगून काम संपत नाही. ९ आणि १० ला रात्री मोजा, दोन्ही दिवस मिळून खरंच ५० नग गेले का. ३० च गेले असतील तर २० नग मागे पडलेत आणि कडेला असलेल्या ऑर्डर, म्हणजे जेमतेम त्या दिवसाच्या गाडीत बसणाऱ्या, एक दिवस पुढे जाणार. तो एक दिवस आपण वाढवून ठेवलेल्यात निघून जातो, म्हणून घाबरू नका. पण ११ ला सुद्धा ५० च्या ऐवजी ३५ गेले, तर वाढवलेला दिवसही संपत आला आणि तारीख चुकणार हे आत्ताच कळतंय. अशा वेळी दिलेली तारीख उलटायची वाट न बघता त्याच रात्री कळवा, आणि नवी तारीख काढताना ५० नको, गेल्या तीन दिवसांत खरोखर जेवढे गेले तोच आकडा धरा, नाहीतर तिसऱ्यांदा कळवायची वेळ येते आणि तेव्हा ग्राहक तारखेवर विश्वासच ठेवत नाही.

वेबसाइटवर उशिराची पट्टी लावली असेल तर ती कधी काढायची तेही आधी ठरवून ठेवा. बातम्यांत संप मिटला म्हणून काढू नका. आज गाडीत चढणाऱ्या पार्सलांवर ऑर्डरची तारीख आजचीच दिसायला लागली आणि तसं सलग दोन-तीन दिवस दिसलं, की काढा.